तांदळाची खीर बुडाला लागते, गुळाने फाटते आणि रवाळ होते, उपाय सुचवावा

ओसरी
सर्वपित्रीला आमच्याकडे पंधरा पाने असतात, त्यामुळे दोन लिटर दुधाची खीर करावी लागते आणि सासऱ्यांना ती गुळाचीच लागते. तांदूळ धुऊन, वाळवून मी मिक्सरवर भरडते, तुपावर परतते आणि उकळत्या दुधात सोडते. खीर दाट दिसते, पण दाताखाली कण येतात, तळ करपतो आणि गूळ घातल्यावर कधीकधी दूध फाटते. नवे पातेले घ्यायचे झाल्यास आठशे रुपयांच्या वर जाणार नाही.

केशरकाडी
आठशे रुपयांत जाड बुडाचे पातेले मिळते हा भ्रम आहे. मी साडेतीन हजारांचे तीन थरांचे स्टीलचे पातेले घेतले आणि तेव्हापासून खीर कधीही लागली नाही. एकदाच खर्च करावा.

पाटावरवंटा
पातेल्याने करपणे लांबते, थांबत नाही. भरड घातल्यावर पहिली काही मिनिटे तांदूळ फुगलेला नसतो, म्हणून तो तळाशी बसतो आणि तिथेच चिकटतो. तेव्हा सपाट उलथन्याने तळ सतत खरवडता राहावा. दुधाला पुन्हा उकळी येऊन कण वर तरंगू लागले की आच मंद करून अधूनमधून ढवळले तरी चालते. वास आलाच, तर तळ न खरवडता वरची खीर दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावी.

रवाळपणाचे मूळ भरडीत आहे. मिक्सरच्या भरडीत पीठही असते आणि जाड कणही असतात. पीठ लगेच शिजून दूध दाट करते, आपल्याला खीर झाली असे वाटते, आणि जाड कण मात्र आत कच्चेच राहतात. त्यापेक्षा दोन लिटरला दीडशे ग्रॅम आंबेमोहोर अर्धा तास भिजवून, निथळून, हाताने चुरावा आणि वाटीभर गार दुधात कालवून मग उकळत्या दुधात ओतावा. कण बोटांत चिरडून पाहावा: मध्ये टणक ठिपका लागला तर तो तांदूळ आहे, आणि मऊ चोथा होऊन भोवती हिरवट पाणी दिसले तर ते फाटलेले दूध आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

गूळखोबरे
फाटण्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात.

पाटावरवंटा
सोड्याने गुळाचा आंबटपणा मरतो हे खरे. पण चिमूट जरा मोठी झाली की खिरीला साबणासारखी चव येते आणि रंग काळपट होतो. आंबटपणा आणि उकळ एकत्र आली की दूध फाटते, म्हणून त्यांची गाठच पडू देऊ नये. तीनशे ग्रॅम गूळ अर्धी वाटी पाण्यात विरघळवून, उकळून, गाळून गार करावा. खीर उतरवून, बोटाला सोसेल इतकी कोमट झाल्यावर तो मिसळावा आणि पुन्हा आचेवर ठेवू नये. तत्पूर्वी वाटीभर खिरीत चमचाभर पाक घालून पाच मिनिटे पाहावे, म्हणजे सगळे पातेले पणाला लागत नाही. शिवाय तांदूळ पूर्ण मऊ होण्याआधी गोड घातले की तो पुढे नीट शिजत नाही.

मांडवीकाठ
आम्ही गोव्यात दूध वापरतच नाही. नारळाच्या दुसऱ्या-तिसऱ्या रसात तांदूळ शिजवतो, गूळ त्यातच उकळतो आणि पहिला घट्ट रस उतरवताना घालतो. रस उकळू दिला तरच तो फुटतो. तुमच्या सगळ्या तक्रारी यात मिटतील.

केशरकाडी
प्रश्न गाईम्हशीच्या दुधाच्या खिरीचा आहे. आणि पातेल्याबद्दल मी सांगितले ते कोणी विचारात घेतलेले दिसत नाही.

गूळखोबरे
आमच्या सोड्याच्या खिरीला आजवर साबणाचा वास आलेला नाही, एवढेच नोंदवते. खीर सैल असतानाच उतरवावी हे मात्र कोणी लिहिले नाही. ती गार होताना आळते. पानात वाढेपर्यंत चमचा उभा राहतो आणि मग लोक गार दूध ओतून ती पांचट करतात. घालायचेच तर दूध गरम असावे.

ओसरी
कण चिरडून पाहिला. आत टणक ठिपका होता, म्हणजे दोष भरडीचाच. सर्वांचे वाचून मी यातले बरेचसे करणार नाही. आंबेमोहोर भिजवून कुकरमध्ये भरपूर पाण्यात अगदी गुरगुट्या शिजवीन, डावाने घोटीन आणि मग आटवलेल्या दुधात मिसळीन. तांदूळ आधीच शिजलेला असल्याने दूध आचेवर थोडाच वेळ राहील आणि जुनेच पातेले चालेल. गूळ मात्र कोमट खिरीत, वाटीची परीक्षा घेऊनच घालीन.

पाटावरवंटा
चालेल, परंतु कुकरच्या भाताला दुधात मुरायला मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे द्यावीत, नाहीतर भात वेगळा आणि दूध वेगळे लागते. माझ्या मते दुधातच शिजवलेल्या तांदळाची चव त्याला येत नाही.

केशरकाडी
घोटलेल्या भाताचे दूध पातळ बुडाच्या पातेल्यात नक्की लागणार.