मिडासवर ९ गुण आले, म्हणून रोजचं औषध नाही. हे पटतं का?

सावनी
मला मायग्रेन आहे. त्याने किती काम बुडतं हे मोजायला डॉक्टरांनी मिडास नावाचा पाच प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला. बेरीज ९ आली. "त्रास सौम्य आहे, दुखेल तेव्हा गोळी घ्या, रोजचं प्रतिबंधक औषध नको" असं म्हणाले. तीन महिन्यांत २४ दिवस डोकं दुखलं, पण मी रजा टाकत नाही, गोळी घेऊन काम रेटते. म्हणजे रजा टाकणारीला औषध आणि रेटणारीला नाही? अशा बेरजेवर उपचार ठरवणं तुम्हाला पटतं का?

ठोकताळा
मला पटतं. फॉर्म तीन महिन्यांचा असतो, म्हणजे ९० पैकी ९ दिवस वाया गेले, १० टक्के. तेवढ्यासाठी रोज गोळी आणि तिचे दुष्परिणाम कशाला? डॉक्टरने काहीतरी मोजलं पाहिजे. नुसतं "खूप दुखतं हो" ऐकून औषध द्यायला लागले तर सगळ्यांनाच द्यावं लागेल.

मेधा_ओपीडी
ठोकताळा, मोजलं पाहिजे हे खरं, पण ते ९ म्हणजे ९ दिवस नव्हेत. डोकेदुखीच्या ओपीडीत हे फॉर्म मी रोज तपासते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिले दोन प्रश्न नोकरी किंवा शिक्षणाचे: किती दिवस बुडालं, आणि किती दिवस गेलात पण काम निम्म्यावर किंवा त्याखाली आलं. पुढचे दोन हेच घरकामाबद्दल विचारतात. पाचवा कुटुंबातल्या, भेटीगाठींच्या, विरंगुळ्याच्या गोष्टी किती दिवस बुडाल्या याचा. एखाद्या मंगळवारी ऑफिस बुडालं, घरकाम तसंच पडलं आणि संध्याकाळची भेटही रद्द झाली, तर तो एक दिवस तीन ठिकाणी मोजला जातो. म्हणून कमाल बेरीज ९० नाही, २७० आहे. मात्र बुडालेला दिवस "काम निम्म्यावर आलं" मध्ये परत धरायचा नसतो. लोक तो सर्रास दोनदा लिहितात आणि बेरीज फुगते.

उलट बाजूने ती आकसतेही, आणि सावनीचं तेच झालंय. दुखत असताना तुम्ही साठ टक्के काम ओढलंत, तर तो दिवस शून्य. असे वीस दिवस काढले तरी शून्यच. फॉर्म यातनेबद्दल विचारतच नाही, बुडालेल्या कामाबद्दल विचारतो. त्यात ०–५ म्हणजे नगण्य, ६–१० सौम्य, ११–२० मध्यम, २१ आणि पुढे तीव्र.

आता डॉक्टरांकडून काय सुटलं ते. पाच प्रश्नांखाली आणखी दोन असतात: तीन महिन्यांत किती दिवस डोकं दुखलं, आणि ० ते १० मध्ये किती जोरात. ते बेरजेत धरत नाहीत, म्हणून पुष्कळदा वाचलेच जात नाहीत. सावनीचे २४ म्हणजे महिन्याला ८. अमेरिकन हेडेक सोसायटीच्या २०२१ च्या निवेदनानुसार महिन्याला ६ किंवा जास्त दिवस दुखत असेल, तर कामात काहीही अडथळा नसला तरी प्रतिबंधक औषध देऊ करावं. थोडा अडथळा असेल तर ४ दिवसांपासून, आणि तीव्र असेल तर ३ पासूनच. घ्यायचं की नाही हे रुग्णाने ठरवायचं, पण विषय तरी निघायला हवा होता.

उंबरठा
माझा अनुभव सांगते, जरा वेगळा आहे. दोन वर्षांपूर्वी माझी बेरीज ३० च्या वर होती, आता ७ आहे. डॉक्टर खूश. डोकं मात्र तितकंच दुखतं. मधल्या काळात मी नोकरी सोडून घरून थोडं थोडं काम घ्यायला लागले, समारंभांना होकार देणं बंद केलं, प्रवास टाळला. ठरवलेलंच काही नाही, मग बुडणार काय? पाचव्या प्रश्नाला मी प्रामाणिकपणे ० लिहिते. दुखेल या भीतीने काय काय सोडलं, असा रकानाच त्या कागदावर नाही.

ठोकताळा
हे मान्य नाही. तुम्ही आयुष्य आखडून घेतलंत तो तुमचा निर्णय, फॉर्मचा दोष कसा? थर्मामीटरने ताप मोजायचा असतो, तापाची भीती नाही. आणि मेधा, बेरीज इतकी अपुरी असेल तर ती काढतातच कशाला? सरळ दुखण्याचे दिवस मोजा.

मेधा_ओपीडी
उंबरठा, तुमचा मुद्दा खरा आहे आणि माझ्या दृष्टीने या फॉर्मची ही सगळ्यात मोठी पोकळी आहे. अशा रुग्णाला तोंडी विचारावंच लागतं: मागच्या वर्षी करत होतात आणि आता करत नाही असं काय आहे?

ठोकताळा, बेरीज का काढतात याचं उत्तर जुनं आहे. पूर्वी रीत अशी होती की सगळ्यांना साध्या पेनकिलरवर ठेवायचं, उपयोग झाला नाही की पुढची पायरी. गंभीर रुग्णाचे महिने त्यात जायचे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मिडासच्या श्रेणीवरून सुरुवातीचंच औषध ठरवून पाहिलं. सौम्य श्रेणीला अ‍ॅस्पिरिन आणि मळमळीवरचं मेटोक्लोप्रमाइड, मध्यम आणि तीव्र श्रेणीला थेट मायग्रेनचं खास औषध झोलमिट्रिप्टान. पायरी-पायरीने जाणाऱ्यांपेक्षा या गटाला आराम चांगला पडला, दुष्परिणाम मात्र जास्त दिसले. म्हणजे अधिक त्रास असलेल्याला ताटकळत ठेवू नये यासाठी ही बेरीज उपयोगी ठरली. कमी बेरजेवरून एखाद्याला नकार देणं हा तिचा उलटा वापर झाला.

प्रकाशकाका
हा स्कोर अपंगत्वाच्या दाखल्याला जोडता येतो का? पुतण्याला ५२ आलेत. किती टक्के धरतात?

मेधा_ओपीडी
नाही काका. फॉर्ममधला "अक्षमता" हा शब्द फसवतो. हे ५२ टक्के नव्हेत आणि दाखल्याशी त्यांचा संबंध नाही. पण ५२ ही तीव्र श्रेणी आहे. पुतण्याला आधी उपचाराला न्या.

शंतनू
औषध थांबवण्यासाठीही हीच बेरीज वापरतात, ते कुणी बोललं नाही. पत्नीला मायग्रेन रोखणारं, महिन्याला एक असं सीजीआरपीचं इंजेक्शन सुरू झालं. आधी बेरीज ४८. दोन महिन्यांनी फॉर्म भरला, ३६. खर्च देणाऱ्यांचं म्हणणं, घट २५ टक्के आहे, ३० हवी, म्हणून पुढची मंजुरी नाही. तिला स्वतःला स्पष्ट फरक जाणवतोय. आता काय, पुढच्या वेळी आकडे वाढवून-घटवून लिहायचे?

मेधा_ओपीडी
३० टक्क्यांचा निकष खरा आहे. त्याच सोसायटीच्या २०१८ च्या निवेदनात तो आहे: सुरुवातीची बेरीज २० च्या वर असेल तर किमान ३० टक्के घट, ११ ते २० असेल तर किमान ५ गुणांची. पण तिथे तो एकटा नाही. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले असतील तर तेवढंही पुरतं. तिचे दिवस कुणी मोजले का?

दुसरं म्हणजे तारीख चुकली. मिडास मागचे तीन महिने विचारतो. इंजेक्शनला दोनच महिने झाले होते, म्हणजे त्या ३६ मध्ये एक महिना औषधाआधीचा आहे. ४८ म्हणजे महिन्याला साधारण १६. जुन्या महिन्याचे १६ वजा केले की औषधाच्या दोन महिन्यांचे २० उरतात, महिन्याला १०. १६ वरून १० म्हणजे ३७ टक्क्यांच्या आसपास घट. त्रास महिन्यांत समान वाटला गेला असं मी इथे धरलंय, त्यामुळे हा पुरावा नव्हे. तीन महिने पूर्ण झाल्यावर फॉर्म परत भरा आणि दोन महिन्यांनंतरचा फॉर्म चुकीच्या वेळी भरला गेला हे डॉक्टरांकडून लेखी द्या. आकडे मात्र फिरवू नका, डायरीशी जुळले नाहीत तर सगळंच संशयात येतं.

शंतनू
डायरी आहे, दिवसांचं तपासतो. पण माझी मूळ तक्रार तशीच आहे. ज्या कागदावर हजारोंचा खर्च अडतो, तो कागद रुग्णाने आठवून आठवून भरायचा? तीन महिन्यांपूर्वीच्या बुधवारी घरकाम निम्मं झालं की पाऊण, हे कोणाला आठवतं?

ठोकताळा
इथे शंतनूशी सहमत. निदान उपचारासाठी वापरा, पैशांच्या फाटकावर बसवू नका.

उंबरठा
आणि फाटकावर दुसरं काय बसवणार? डॉक्टरचा अंदाज? "दिसायला तर ठीक दिसता" हे मी पुरेसं ऐकलंय. वाकडा का असेना, माझ्या हाताने भरलेला आकडा मला परवडतो.

सावनी
मेधाताई, सुटलेले दोन प्रश्न डॉक्टरांना दाखवले. त्यांनी हिट-६ नावाचा दुसरा फॉर्म दिला. त्यात दिवस विचारत नाहीत, कधीच नाही ते नेहमी असे पर्याय आहेत. जोरात दुखणं बऱ्याचदा ११, रोजच्या कामाला मर्यादा कधीकधी १०, आडवं व्हावंसं वाटणं नेहमी १३, थकवा, वैताग आणि लक्ष न लागणं प्रत्येकी ११. बेरीज ६७. याच्या हिशेबाने मी सर्वांत वरच्या गटात आहे! एकच बाई एका कागदावर सौम्य, दुसऱ्यावर गंभीर.

ठोकताळा
७८ पैकी ६७ म्हणजे ८६ टक्के? मग दोन्हीपैकी एक फॉर्म नक्की खोटा आहे.

मेधा_ओपीडी
टक्के काढू नका, हिट-६ शून्यापासून नाही, ३६ पासून सुरू होतो. ६० आणि पुढे तीव्र धरतात. दोन्ही खरे आहेत. मिडास दिवसांच्या संख्येकडे झुकतो, हिट दुखण्याच्या जोराकडे. रेटणाऱ्या माणसाचा मिडास कमी आणि हिट जास्त, ही जोडी मला बऱ्याचदा दिसते.

सावनी, एक राहिलं. दुखेल त्या प्रत्येक दिवशी गोळी घेता का, आणि कोणती?

सावनी
हो, प्रत्येक दिवशी. मिश्र गोळी आहे, त्यात कॅफिनही आहे.

मेधा_ओपीडी
मग ते ९ गोळीच्या आधाराने आलेले ९ आहेत. मिश्र गोळ्या महिन्याला १० किंवा जास्त दिवस घेणं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळीमुळेच डोकेदुखी वाढू शकते. साध्या पेनकिलरला ही मर्यादा १५ दिवस आहे. तुम्ही ८ वर आहात. पुढच्या भेटीत बेरजेआधी हा आकडा सांगा.

ठोकताळा
म्हणजे शेवटी गोळ्यांचे आणि दुखण्याचे दिवसच कामाला आले. मी म्हणत होतो तेच.

उंबरठा
तुम्ही तर म्हणत होतात की ९० पैकी ९ दिवस, रोजची गोळी नको.