खोकल्याच्या औषधात १० टक्के अल्कोहोल

नीलिमा:
नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाने दारू सोडली आहे आणि तो डायसल्फिरामच्या गोळ्या घेतो. आपल्या ईमेल-यादीवर हे लिहायला त्याची हरकत नाही. सध्या त्याला रात्रभर खोकला येतो. घरात असलेल्या औषधाच्या बाटलीवर ‘अल्कोहोल १० टक्के’ असं लिहिलंय, आणि एका वेळी ३० मिली घ्यायचंय. द्यावं का? अजून दिलेलं नाही.

अरविंदकाका:
नीलिमा, आकडेमोड कर म्हणजे भीती जाईल. ३० मिलीचे १० टक्के म्हणजे ३ मिली. तेवढ्याने कुणाला चढत नाही. बिनधास्त दे, झोप तरी लागेल बिचाऱ्याला.

मेधा:
नीलिमा, कृपया देऊ नकोस. मी फार्मासिस्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काका, तुमचा हिशेब बरोबर आहे. ३ मिली म्हणजे वजनाने साधारण २.४ ग्रॅम. पण दिवसातून चार वेळा घेतलं तर साडेनऊ ग्रॅमच्या आसपास जातं, आणि बऱ्याच देशांत दारूचा एक प्रमाणित पेला १० ग्रॅमचाच धरतात. तरीही नशा चढण्याचा प्रश्न इथे नाहीच. शरीर अल्कोहोलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं आणि मग तेही मोडून टाकतं. डायसल्फिराम ही दुसरी पायरी अडवतं. अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं, चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. किती अल्कोहोलला किती त्रास होईल हे माणसागणिक बदलतं, म्हणून ‘एवढं चालेल’ असा आकडा मी देणार नाही. छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडला, तर थेट तातडीच्या विभागात न्यायचं.

गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. त्यामुळे ‘आज गोळी नको, औषध घे’ ही पळवाटही चालणार नाही. गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन कर आणि अल्कोहोल नसलेलं खोकल्याचं औषध सांगा म्हण. तशी सिरपंही मिळतात, गोळ्याही मिळतात. दुकानात घटकांच्या यादीत ‘इथेनॉल’ आणि ‘एथिल अल्कोहोल’ ही नावंही शोध. ‘साखरविरहित’ लिहिलं म्हणजे अल्कोहोल नाही असं होत नाही.

संजय:
विषय निघालाच आहे तर विचारतो. माझ्या कामावर श्वासाची तपासणी होते. सकाळी माउथवॉशने चूळ भरून गेलो आणि यंत्राने अल्कोहोल दाखवलं! मी तर दारूला शिवतही नाही. हे रक्तात गेलं होतं का?

मेधा:
संजय, बहुधा नाही. काही माउथवॉशमध्ये २० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असतं. चूळ थुंकली तरी त्याची वाफ थोडा वेळ तोंडात राहते आणि यंत्र तीच मोजतं. पंधरा मिनिटं काही न खाता-पिता थांबून पुन्हा तपासणी करायला सांग, आकडा उतरलेला दिसेल. लघवीची ईटीजी तपासणी वेगळी. ती अल्कोहोलचा माग दोन-तीन दिवसांनंतरही काढू शकते, आणि अल्कोहोलवाला माउथवॉश पुन्हा पुन्हा वापरला तर तीही किंचित वर जाऊ शकते. नीलिमा, भावाची अशी तपासणी होत असेल तर बिनअल्कोहोलचाच माउथवॉश आण. गोळी चालू असताना तर आणच.

प्रकाश:
मी स्वतः दारू सोडलेला माणूस आहे, म्हणून एक सांगतो. मी डायसल्फिराम घेत नाही, तरीही अल्कोहोलवालं सिरप घरात ठेवत नाही. घशाखाली जाणारा तो जळजळता स्वाद आला की डोकं जुन्या वाटेला लागतं. ग्रॅम कितीही कमी असोत. आमच्या गटात काही जण औषध म्हणून मोजून घेतात आणि त्यांचं ठीक चाललंय. त्यांना चूक म्हणायचा मला अधिकार नाही.

अरविंदकाका:
प्रकाश, मेधा, पटलं. गोळीची गोष्ट मी लक्षातच घेतली नव्हती. पण मग आयुर्वेदिक तरी द्या ना, दशमूलारिष्ट वगैरे. त्यात कुणी दारू घालत नाही.

मेधा:
काका, वरून घालत नाहीत हे खरं. पण आसव-अरिष्टं आंबवूनच करतात, त्यामुळे अल्कोहोल आपोआप तयार होतं, साधारण ५ ते १० टक्के. बाटलीवर तसं छापलेलंही असतं. समभाग पाणी घालून घेतलं तरी पोटात जाणारं अल्कोहोल तेवढंच राहतं. या भावासाठी तेही नको.

नीलिमा:
डॉक्टरांशी बोलले. त्यांनी बिनअल्कोहोलचं औषध सांगितलं आणि खोकला आठवड्याच्या वर राहिला तर छाती तपासायला बोलावलंय. ती बाटली घराबाहेर काढली. प्रकाशदादा, तुमची मेल भावाला वाचून दाखवली. त्याला तुमच्याशी बोलायचंय. तुम्हाला वेगळी मेल पाठवू का?

प्रकाश:
जरूर. आज संध्याकाळी मोकळा आहे.