प्रतिसाद : आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत

«वडील ७६ वर्षांचे आहेत. हळू बोललो तर ‘काय म्हणालास?’ विचारतात, मोठ्याने बोललो तर ‘ओरडू नकोस’ म्हणतात. नेमके काय करावे?»

वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणाचे हे अगदी ओळखीचे लक्षण आहे. आतल्या कानातील शंखाकृती भागात उंच पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी आधी निकामी होतात, आणि स, श, फ, थ यांसारखी व्यंजने प्रामुख्याने त्याच पट्टीत, तीही क्षीण असतात. स्वर मात्र खालच्या पट्टीत असल्याने ऐकू येत राहतात. त्यामुळे ‘साठ’ म्हटलेले ‘आठ’ ऐकू येते. ओरडल्याने स्वरच अधिक मोठे होतात, व्यंजने झाकली जातात, आणि अशा कानाला ऐकू येणे व असह्य होणे यांतले अंतरही कमी झालेले असल्याने त्यांना खरोखरच त्रास होतो. हा हट्ट नव्हे, एवढे घरातल्यांनी कृपया समजून घ्यावे.

प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कानात मळ साचला आहे का ते पाहून घ्या, मग ऑडिओमेट्री, म्हणजे कोणत्या पट्टीचे ध्वनी किती ऐकू येतात याचा आलेख काढणारी चाचणी, करा. त्यात शब्द किती ओळखता येतात याचीही चाचणी आग्रहाने करून घ्यावी, कारण श्रवणयंत्राचा उपयोग किती होईल याचा अंदाज त्यावरून येतो. यंत्र त्या आलेखानुसार जुळवावे लागते आणि सवय व्हायला काही आठवडे जातात. तोपर्यंत समोर बसून सावकाश बोला. न कळल्यास तेच वाक्य वेगळ्या शब्दांत सांगा.

मात्र एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, किंवा एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासे झाले असेल, तर ते वयावर ढकलू नका. अचानक आलेल्या बहिरेपणात त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.