मदत हवी आहे: ‘मेहनती, टीम प्लेअर’च्या जागी काय लिहू?

नमस्कार. भोसरीतल्या एका कारखान्यात मी 4 वर्षं स्टोअरकीपर आहे. रेझ्युमेतलं ‘मेहनती, टीम प्लेअर’ काढलं, कारण ते कुणीही लिहितो. त्याजागी लिहिलं: ‘600 सुट्या भागांना ठेवण्याच्या जागेचे बिन नंबर दिले, दर शनिवारी 50 भागांची मोजणी सुरू केली. नोंदीशी न जुळणारे भाग 8 महिन्यांत 41 वरून 9 वर आले.’ रजिस्टरं आहेत, सुपरवायझरही खात्री देतील.

अडचण अशी, की मोजणी आम्ही तिघं करायचो. बिन नंबरचा तक्ता मात्र एकट्या माझा. ‘तिघांच्या गटात’ असं लिहून माझा वाटा वेगळा सांगू का? सगळं श्रेय घेणं मला पटत नाही. आणि कंपनीचे नेमके आकडे द्यावेत की फक्त टक्केवारी? भरती करणाऱ्यांनी कृपया सांगावं.