मदत हवी आहे: शोगीत मोहरे जास्त असूनही मात का होते?

नवशिका_८१: बुद्धिबळात वरचढ झालो की मारामारी करून पट मोकळा करायची सवय आहे. शोगीत, म्हणजे जपानी बुद्धिबळात, गोल्ड आणि सिल्व्हर हे मोहरे देऊन हत्ती घेतला, तरी लगेच मात! राजा मागच्या रांगेत होता, जवळ शत्रूचं एकच प्यादं. कुठे चुकलं?

उभी_रांग: तुम्ही दिलेला गोल्ड प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला, तिथेच. आपल्या पाळीला पटावरचा मोहरा चालवायचा किंवा हातातला, म्हणजे शत्रूचा मारलेला मोहरा, आपला म्हणून जवळपास कुठल्याही रिकाम्या घरात टाकायचा. त्यामुळे हल्लेखोराला दूरवरून चालत यावं लागत नाही.

तुमचाच पट घ्या. राजासमोरचं घर रिकामं, त्यापुढे शत्रूचं प्यादं. त्या रिकाम्या घरात गोल्ड टाकला की मात. गोल्ड राजाची दोन्ही बाजूंची आणि पुढची तिरपी घरं अडवतो, आणि त्याला मारावं तर मागे प्याद्याचा जोर आहे. तिथे सिल्व्हर टाकला तर राजा तिरपा निसटतो, कारण सिल्व्हरला आडवं चालता येत नाही. म्हणून गोल्ड देताना फार जपावं. राजासमोरच्या घरावर दुसऱ्या मोहऱ्याचा जोर हवा, नाहीतर तिथे आधी आपणच काहीतरी टाकावं.

पटवेडा: पण प्यादं टाकून मात करायला बंदी आहे ना? मग प्याद्याची भीती कशाला?

उभी_रांग: बंदी फक्त हातातलं प्यादं टाकून थेट मात करायला. टाकून नुसता शह चालतो, आणि पटावरचं प्यादं पुढे सरकवून मातही चालते. शिवाय इथे प्यादं मात करतच नाही, गोल्डला जोर देतं.

घोडेस्वार: मी क्रेझीहाउस खेळतो, म्हणजे मारलेले मोहरे परत टाकता येतात ते बुद्धिबळ. हत्तीने लांबून शह दिला की मध्ये प्यादं टाकून मोकळा. इथेही तेच ना?

उभी_रांग: टाकता येतं, पण क्रेझीहाउसमध्ये एका उभ्या रांगेत दोन प्यादी चालतात, शोगीत नाही. त्या रांगेत तुमचं साधं प्यादं आधीच असेल आणि दुसरं टाकलंत, तर डाव गेला. बढती मिळालेलं प्यादं यात मोजत नाहीत. आडव्या शहात हे फार नडतं, कारण बहुतेक उभ्या रांगांत आपली मूळ प्यादी उभीच असतात. मग मध्ये गोल्ड-सिल्व्हर खर्चावा लागतो, आणि त्याला जोर नसेल तर तोही शत्रूच्या हातात.

उलट एखाद्या उभ्या रांगेत आपलं प्यादं नसेल आणि तिथे मागून दुसऱ्या घरात आपला गोल्ड असेल, तर त्याच्या खाली अगदी मागच्या घरात प्यादं टाका. हत्तीने ते मारलं तर गोल्ड सरळ मागे येऊन हत्ती मारतो. जपानी खेळाडू याला खडकाहून पक्कं म्हणतात. पण त्या रांगेत पुढे प्यादं टाकायची सोय मात्र संपते.

नवशिका_८१: म्हणजे राजाभोवती तटबंदी झाली नसेल तर हत्ती घ्यायचाच नाही?

पटवेडा: घ्यावा! हातातला हत्ती बचावालाही टाकता येतो.

उभी_रांग: प्रतिस्पर्ध्याला मात करायला किती चाली लागतात, आणि तुम्हाला हत्ती टाकून किती, हे मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. हत्ती मारला तेव्हा तुमच्या हातात आणखी काय होतं? पूर्ण पट टाका.