कार्ड बंद केले म्हणजे व्यवहार नाकारला, असे होते का?

एक_रुपया:
डेबिट कार्डावर अनोळखी व्यवहार दिसल्यावर शाखेत जाऊन अर्ज लिहीत बसणे हा जुन्या काळचा उद्योग आहे. कॉल सेंटरला फोन करावा, कार्ड बंद करावे. तीन दिवसांत कळवले की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सगळे पैसे परत मिळतात. लेखी नोटिशीचे हे स्तोम कशासाठी?

पोच_पाहिजे:
हे वाचून गप्प राहवले नाही, कारण याच समजुतीपायी माझे पैसे बुडायची वेळ आली होती. शुक्रवार, ११ ऑगस्ट २०२३ रोजी रात्री पावणेबाराच्या सुमारास माझ्या बचत खात्यातून एका परदेशी संकेतस्थळावर ४,९९०, १२,४०० आणि १८,७५० रुपयांचे तीन व्यवहार झाले आणि तिन्हींचे एसएमएस तेव्हाच आले. ओटीपी एकदाही आला नाही. दहा मिनिटांत फोन करून कार्ड बंद केले आणि काम झाले असे समजून झोपलो. पुढे शाखेत चौकशी केली, तेव्हा माझ्या फोनची नोंद ‘कार्ड बंद करण्याची विनंती’ एवढीच निघाली. हे व्यवहार मी केलेले नाहीत, ही तक्रार कुठेही नोंदलेली नव्हती.

मग १८ तारखेला लेखी अर्ज दिला. काउंटरवरच्या गृहस्थांनी बोटांवर मोजून ‘सात दिवस झाले’ असे सांगितले. परंतु रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात मोजायचे ते कामकाजाचे दिवस, तेही आपल्या मूळ शाखेचे, आणि बँकेची सूचना मिळाली तो दिवस सोडून. १२ तारखेला दुसरा शनिवार, १३ ला रविवार, १५ ला स्वातंत्र्यदिन आणि १६ ला पारशी नववर्षाची महाराष्ट्रातली सुट्टी होती. म्हणजे १४, १७ आणि १८ हे माझे तीन दिवस, आणि मी तिसऱ्या दिवशी पोहोचलो होतो.

एक दिवस उशीर झाला असता तर काय झाले असते, तेही मोजून पाहा. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले, तर नेहमीच्या बचत खात्याच्या ग्राहकावर १०,००० रुपयांपर्यंतचा भार येतो, आणि तो प्रत्येक व्यवहारामागे येतो. म्हणजे ४,९९० पूर्ण, आणि उरलेल्या दोन व्यवहारांचे दहा-दहा हजार. ३६,१४० पैकी २४,९९० माझे गेले असते.

कलम_बहाद्दर:
एवढा हिशेब कशाला? ओटीपी आला नाही म्हणजे चूक बँकेची, आणि बँकेची चूक असली की ग्राहकाने केव्हाही कळवले तरी त्याची जबाबदारी शून्य असते. शिवाय सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच आहे. तुम्ही उगाच लोकांना तारखांची भीती घालत आहात.

जुना_शाखाधिकारी:
आपले अर्धे म्हणणे बरोबर आहे. बँकेची चूक ठरली तर मुदतीचा प्रश्न उरत नाही, आणि ग्राहकाचा दोष बँकेनेच सिद्ध करायचा आहे, हेही खरे. मात्र ओटीपी नसणे एवढ्यावरून बँकेची चूक ठरत नाही, कारण परदेशी व्यापाऱ्याकडे तो पुष्कळदा मागितलाच जात नाही. २०२० पासून नव्या कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन वापर मुळात बंद असतो. तो ग्राहकाने स्वतः चालू केलेला असला, तर बँक तेवढ्यावर बोट ठेवते आणि प्रकरण ‘दोष ना बँकेचा, ना ग्राहकाचा’ या वर्गात जाते. तीन दिवसांची अट नेमकी याच वर्गाला आहे. म्हणून बँकेची चूक पुढे सिद्ध होईल या भरवशावर थांबू नये.

‘तीन दिवसांत कळवले की सगळे परत’ हेही सरसकट खरे नाही. ग्राहकाने पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला दिला असेल, तर कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचेच असते. कळवल्यानंतरचे तेवढे बँकेचे.

मिरजेची:
माझ्या आईचे खाते सहकारी बँकेत आहे. तिथे हे काही लागू नाही, असे आम्हाला तोंडावर सांगितले. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक वडिलांचा होता, ते गेल्यावर तो बंद झाला. पासबुक भरून घेतले तेव्हा दीड महिन्यापूर्वीचा ९,२०० रुपयांचा व्यवहार दिसला. आम्ही त्याच दिवशी अर्ज दिला. आमचे तीन दिवस कधीपासून मोजायचे? आणि ज्या एसएमएससाठी दर तिमाहीला पैसे कापतात तो बंद क्रमांकावर जातो, हे बँकेच्या लक्षात येऊ नये?

एक_रुपया:
ताई, क्रमांक बदलून घेणे ही आपली जबाबदारी होती. आणि श्री. पोच_पाहिजे, परिपत्रकात फोन, ईमेल, एसएमएसला उत्तर हे सगळे मार्ग मान्य आहेत. म्हणजे फोन हीसुद्धा सूचनाच. आपण फोनवर नीट बोलला नाहीत, याचे खापर माझ्यावर का फोडता?

पोच_पाहिजे:
रात्री बारा वाजता यंत्राने ‘कार्ड बंद करण्यासाठी एक दाबा’ म्हटल्यावर मी एक दाबला. नीट बोलायला पलीकडे माणूस होता कुठे?

आणि अर्जाची कथा ऐका. शाखेने अर्ज ठेवून घेतला, पण पोच देईना. ‘शिक्का साहेबांकडे, साहेब बैठकीत.’ चाळीस मिनिटे बसलो. शेवटी अर्जाचे छायाचित्र काढून तिथूनच शाखेच्या आणि तक्रार विभागाच्या ईमेलवर पाठवले.

कलम_बहाद्दर:
पोच न देणाऱ्या शाखेत मी असतो तर टेबलावरून उठलोच नसतो. तुमच्यासारख्या मवाळ लोकांमुळेच हे माजले आहेत.

जुना_शाखाधिकारी:
मी एकतीस वर्षे त्या टेबलाच्या पलीकडे बसलो आहे. एका काउंटरवर तीन माणसांचे काम करणाऱ्याला ‘माजले’ म्हणणे सोपे आहे. तरीही पोच नाकारणे चूकच होते, आणि त्यावर ईमेल हा उपाय योग्य होता. ईमेलची वेळ कुणाच्या शिक्क्यावर अवलंबून नसते.

मुद्दा अर्जात काय असावे हा आहे. मी असा लिहीन:

“माझ्या बचत खात्यातून (कार्डाचे शेवटचे चार अंक …) दि. … रोजी … वाजता, खातेउताऱ्यात … या नावाने दिसणारे रु. … चे व्यवहार झाल्याचा एसएमएस मला दि. … रोजी मिळाला. हे व्यवहार मी केलेले नाहीत व कोणालाही करू दिलेले नाहीत. कार्ड त्या वेळी माझ्याजवळ होते; पिन वा ओटीपी मी कोणाला दिलेला नाही. कार्ड दि. … रोजी … वाजता बंद केले. हा अर्ज म्हणजे अनधिकृत व्यवहाराची सूचना समजून तक्रार क्रमांक द्यावा व या सूचनेपासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम, व्यवहाराच्या तारखेलाच जमा झाली असे धरून, जमा करावी.”

खरे असेल तेवढेच लिहावे, आणि ‘बहुधा कुठल्यातरी लिंकवर क्लिक झाले असेल’ असले तर्क लिहू नयेत. तोच तर्क पुढे हलगर्जीपणाची कबुली म्हणून वाचला जातो. बँक वेगळा डिस्प्युट फॉर्म मागेल, तो नंतर भरावा. त्याची वाट पाहत सूचना लांबवू नये.

पोच_पाहिजे:
मी जवळजवळ असाच लिहिला होता. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रक्कम दिसली, पण गोठवलेली, काढता येईना. निकालाची नव्वद दिवसांची कमाल मुदत १६ नोव्हेंबरला संपत होती. रक्कम मोकळी झाली १४ तारखेला.

एक_रुपया:
ठीक आहे. फोनवर ‘व्यवहार माझा नाही’ असे सांगून तक्रार क्रमांक घ्यावा आणि त्याच रात्री एक ईमेल टाकावा, एवढे मान्य. शाखेत चाळीस मिनिटे बसण्याचे व्रत मात्र आपणच करावे.

मिरजेची:
माझा प्रश्न राहिलाच.

जुना_शाखाधिकारी:
सहकारी बँकांसाठी असेच परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ ला निघाले आहे, तेव्हा ‘लागू नाही’ हे उत्तर चुकीचे. मुदत बँकेची सूचना मिळाल्यापासून मोजायची, म्हणून एसएमएस कधी पोहोचला याची नोंद लेखी मागा. ती ठेवणे बँकेचे काम आहे. पण जुना क्रमांक बंद झाल्याचे आपण कळवले नव्हते, हे बँक म्हणणारच. सात दिवसांच्या पुढचे प्रकरण मानले, तर त्या बँकेच्या संचालक मंडळाचे धोरण काय आहे त्यावर सगळे ठरते. तेही मागून घ्या.

मिरजेची:
धोरण मागितले होते. ‘संकेतस्थळावर आहे’ म्हणाले. संकेतस्थळ उघडत नाही.