'नेपथ्य' म्हणजे पडद्यापुढचं की पडद्यामागचं?

मृणाल
समाजशास्त्राच्या निबंधासाठी साडीच्या दुकानातला एक प्रसंग घेतला आहे. गिऱ्हाईक गादीसमोर बसल्यापासून उठेपर्यंत, साधारण वीस मिनिटं. समाजशास्त्रज्ञ आर्व्हिंग गॉफमन माणसांच्या रोजच्या वागण्याकडे नाटकासारखं बघतो; त्याच्या या नाट्यरूपकानं प्रसंगाची फोड करायची आहे. अडलंय ते शब्दांवर. 'बॅकस्टेज'ला, म्हणजे इथे माडीवरच्या मालाच्या खोलीला, मी 'नेपथ्य' लिहिलं, तर बाईंनी लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलं. काय चुकलं? आणि 'परफॉर्मन्स'ला 'प्रयोग' चालेल का?

वासंती
प्रश्नचिन्ह बरोबर आहे. संस्कृत नाटकात 'नेपथ्ये' असं लिहिलं की आवाज पडद्यामागून येतो, म्हणजे तुम्हाला हवा तो अर्थ तिथे आहे. पण मराठी रंगभूमीवर नेपथ्य म्हणजे मंचावर उभारलेला देखावा: भिंती, दारं, झोपाळा. नेपथ्यकाराचं काम पडदा वर गेला की पहिल्यांदा दिसतं. मराठी वाचक 'दुकानाचं नेपथ्य' वाचेल तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे आरसे, ट्यूबलाइट आणि पांढरी गादी येईल. तुम्हाला म्हणायची आहे माडीवरची मालाची खोली.

'प्रयोग' नाटकवाल्यांना लगेच कळेल. समाजशास्त्राचा वाचक मात्र विचारेल, प्रयोग कुणावर केलात? 'सादरीकरण' लिहा, कोरडं आहे पण फसवत नाही.

धनंजय
सोपं करा. पुढे मुखवटा, मागे खरा चेहरा. विक्रेता गिऱ्हाइकापुढे गोड बोलतो आणि आत गेला की खरं बोलतो. 'मुखवटा' आणि 'चेहरा' या दोन शब्दांत सगळा गॉफमन येतो.

श्रीरंग
अर्धा येतो, धनंजय. पुढे वागण्यावर ताबा असतो आणि आत तो सैल होतो, इतकं खरं. पण आतला तोच खरा, असं तो म्हणत नाही. माडीवर पोऱ्या आणि विक्रेता गिऱ्हाइकाची नक्कल करून हसतात, तीही एकमेकांसाठी केलेली बतावणीच असते. तेवढ्यात शेठ जिना चढून आले की तीच माडी पुढची बाजू होते: पोऱ्या गठ्ठे सरळ करू लागतो. जागा तीच, प्रेक्षक बदलला. म्हणून 'मागचं' हे कायम कुणाच्या तरी संदर्भात लिहावं लागतं. निबंधात 'माडी ही मागची बाजू' एवढंच लिहिलंत तर गुण जातील; 'गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं मागची' असं लिहा.

शब्द म्हणाल तर मी 'पडद्यामागची बाजू' किंवा नुसतं 'आत' वापरीन. दुकानातले लोकही 'आत बघ', 'आतून आण' असंच म्हणतात.

सुभाषकाका
कापडाच्या धंद्यात तीस वर्षं काढली. यात नाटक कसलं? मुलीला विक्री शिकायची असेल तर सांगतो. गिऱ्हाइकानं 'साधी दाखवा' म्हटलं तरी पहिली साडी जरा वरच्या भावाची उघडायची. घडी मोडताना हात सैल ठेवायचा, पदर आपल्या खांद्यावर टाकून दाखवायचा. आणि गिऱ्हाईक बसलेलं असताना घड्या घालायला घ्यायच्या नाहीत. घडी घातली म्हणजे 'उठा आता' म्हटल्यासारखं होतं.

मृणाल
काका, विक्री शिकायची नाही, ती कशी घडते ते लिहायचं आहे. पण घडीचं लक्षातच आलं नव्हतं!

श्रीरंग
काकांनी न मागता निबंधाचा गाभा दिला. गॉफमन दोन गोष्टी वेगळ्या धरतो: माणूस शब्दांनी जे सांगतो ते, आणि त्याच्या वागण्यातून समोरच्याला जे कळतं ते. विक्रेता तोंडानं 'बघा हो, घ्यायलाच पाहिजे असं नाही' म्हणतो. समोर मात्र पंधरा मोडलेल्या साड्यांचा ढीग पडलेला असतो, आणि तो ढीग 'एवढे कष्ट घेतले' असं बोलत असतो. दुसऱ्या प्रकाराला काही जण 'निसटलेले संकेत' लिहितात, ते मला पटत नाही. निसटणं म्हणजे चुकून. हा ढीग चुकून पडलेला नाही. 'सांगितलेलं' आणि 'उमटलेलं' ही जोडी घ्या. उमटलेलं जाणूनबुजूनही असू शकतं, नकळतही.

मृणाल
माझ्या टिपणात एक जागा आहे. विक्रेता म्हणाला, 'आतून नवीन लॉट आण.' माडीवरून पोरगा ओरडला, 'मागच्या दिवाळीचा तो?' विक्रेत्यानं 'नाही रे, तो वेगळा' म्हटलं. गिऱ्हाईक बाईंनी हातातल्या साडीचे काठ बघायला घेतले. मी लिहिलंय: बाईंना संकोच वाटला.

श्रीरंग
संकोच तुम्हाला दिसला नाही, काठ बघताना दिसल्या. तेवढंच लिहा, मग अर्थ लावा. प्रसंग मात्र नामी आहे. आतलं बोलणं बाहेर आलं आणि सादरीकरणाला तडा गेला. तो तिघांनी मिळून बुजवला: विक्रेत्यानं शब्दांनी, पोरानं पुढे गप्प राहून, बाईंनी न ऐकल्यासारखं करून. प्रेक्षकही प्रसंग सांभाळून घेतात, हा गॉफमनचा मुद्दा इथे उघड दिसतो. त्यानं शेटलंड बेटांवरच्या हॉटेलाचं निरीक्षण केलं होतं, त्यात स्वयंपाकघराचं दार हे सततचं भांडण होतं. वाढणाऱ्या मुलींना ताटं घेऊन ये-जा करायला ते उघडं हवं, चालवणाऱ्यांना आतल्या सवयी पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून बंद हवं. तुमच्या दुकानात दाराच्या जागी जिना आहे, आणि जिना आवाज अडवत नाही.

वासंती
बाईंनी केलं त्याला 'कानाडोळा' म्हणाल का? शब्द फार जवळचा आहे.

श्रीरंग
जवळचा आहे, पण त्याला दोष चिकटलेला आहे. नगरपालिका खड्ड्यांकडे कानाडोळा करते. बाईंनी समोरच्याचा 'आब राखला'. मी तेच वापरीन.

सुभाषकाका
आब राखण्यावरून आठवलं. 'घरी विचारून येते' म्हणून उठणारं गिऱ्हाईक बहुतेक येत नाही, हे आम्हाला कळतं. तरी 'या या, दुकान आपलंच आहे' म्हणायचं. तोंडावर 'घ्यायचं नव्हतं तर बसलात कशाला' म्हटलं की ते गिऱ्हाईक कायमचं गेलं. भावाचंही तसंच: चिठ्ठीवर खरेदीची किंमत अक्षरांत लिहितात, दहा आकड्यांना दहा अक्षरं. 'कितीपर्यंत सोडायचं' हे गिऱ्हाइकासमोरच वाचता येतं, त्याला कळत नाही.

श्रीरंग
मृणाल, ही अक्षरं नक्की घ्या. आतली गोष्ट गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर ठेवून झाकलेली आहे, म्हणजे 'आत' ही दर वेळी खोलीच असते असं नाही. कुठल्या दुकानाचा संकेत उलगडला तर तो मात्र छापू नका, आणि निरीक्षणाची परवानगी मालकाकडून आधी घ्या. टिपण दुकानातून निघाल्यावर लगेच लिहा, बोलणं जसंच्या तसं. दुसऱ्या दिवशी 'मागच्या दिवाळीचा तो?' याचं 'जुना माल' होऊन जातं आणि प्रसंगाचा जीव जातो.

मृणाल
आता एकच उरलं: 'फ्रंट'. 'दर्शनी भाग' चालेल?

श्रीरंग
'दर्शनी भाग' म्हणजे जागा. गॉफमनच्या 'फ्रंट'मध्ये जागेची मांडणी येते, माणसाचं रूप येतं आणि बोलण्याचालण्याची ढबही येते. गादी, विक्रेत्याचा इस्त्रीचा शर्ट आणि 'ताई, बसा' हे तिन्ही मिळून.

वासंती
'थाट'? दुकानाचाही थाट असतो, माणसाचाही.

धनंजय
थाटात मिरवणं येतं. सरकारी कचेरीच्या खिडकीमागे बसलेल्या कारकुनाचा कसला थाट?

श्रीरंग
हा आक्षेप खरा आहे. त्याचंही रुक्ष टेबल आणि वर न बघता 'उद्या या' म्हणणं 'फ्रंट'च आहे, पण त्याला थाट म्हणवत नाही. मला अजून शब्द सापडलेला नाही. मी सध्या 'दर्शनी साज' लिहितो आणि पहिल्या वापराजवळ तिन्ही भाग सांगून टाकतो.

सुभाषकाका
आम्ही 'दुकान लावणं' म्हणतो. सकाळी शटर वर गेलं की गादीवर पांढरी चादर ताणायची, आरसे पुसायचे, पोरांनी शर्ट खोचायचे. सगळं त्यातच येतं.

वासंती
काका, हे 'नेपथ्य लावणं' झालं की!